काचेला बॉल लागला, मग पॉइंट कोणाचा?

प्रश्न: आम्ही चौघे मित्र दोन महिन्यांपासून सोलापुरात काचेच्या भिंतींच्या कोर्टावर पॅडल खेळतोय. आधी सगळे बॅडमिंटनवाले. काचेवरून रोज भांडण होतं. परवा समोरच्यांचा बॉल थेट आमच्या मागच्या काचेवर आपटला, माझ्या जोडीदाराने तो परत मारला आणि पुढे आम्ही पॉइंट हरलो. ते म्हणाले, तुम्ही खेळलात म्हणजे चालू. नंतर मी आमच्याच काचेवर मारून बॉल पलीकडे घातला, तर म्हणे फाउल. नक्की काच कधी चालते? आणि काचेवरून आलेला बॉल मारायचा कसा? माझ्या तर दर वेळी अंगावर येतो.

उत्तर:

पहिला पॉइंट तुमचाच होता. दुसराही बहुधा तुमचाच, पण तुमचा बॉल काचेला लागला होता की काचेच्या वरच्या जाळीला, यावर ते ठरेल. त्याकडे येतोच.

मी आधी बरीच वर्षं टेनिस शिकवलं, आता संध्याकाळी पॅडल शिकवतो. टेनिसवाल्याला मागे गेलेला बॉल म्हणजे हातचा गेलेला बॉल. बॅडमिंटनवाल्याचं त्याहून अवघड, कारण शटल जमिनीला टेकलं की खेळ खलास. ही सवय अंगात इतकी मुरलेली असते की काच आली की डोकं गोंधळतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी सांगतो, निकाल द्यायचा असेल तर काचेकडे बघू नका, जमिनीकडे बघा. बॉल आधी जमिनीला लागला का, एवढंच विचारा. लागला असेल तर त्यानंतर काच, जाळी, पुन्हा काच, काहीही चालतं. दुसरा टप्पा पडायच्या आत मारला म्हणजे झालं. पलीकडून आलेल्या बॉलला जमिनीच्या आधी काच लागली तर बॉल आउट, आणि पॉइंट ज्याच्या बाजूची काच आहे त्याचा.

शब्दांचाही घोळ होतो, तो आधी मिटवू. मधलं ते नेट आणि कडेचं तारेचं ते जाळी, असं मी म्हणतो. तुमच्या ग्रुपमध्येही हेच ठरवून टाका. ‘जाळीला लागला’ म्हणजे नेमकं कशाला, यावरून आमच्याकडे एकदा दोन सख्ख्या भावांचं वाजलेलं मी पाहिलंय.

आता कोर्टाची रचना एकदा डोळ्यांसमोर आणा, कारण नियम तिथूनच समजतात. कोर्ट 20 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद, म्हणजे नेटच्या प्रत्येक बाजूला 10 बाय 10 चा चौकोन. मागची भिंत 3 मीटरपर्यंत काचेची आणि तिच्यावर 1 मीटर जाळी. बाजूच्या भिंतीला मात्र काच फक्त मागच्या 4 मीटरमध्ये असते. कोपऱ्यातला पहिला भाग 3 मीटर उंच, त्याच्या पुढचा 2 मीटर उंच, पायरीसारखा. तिथून नेटपर्यंत नुसती जाळी. म्हणजे तुमच्या अर्ध्या कोर्टात काच इंग्रजी ‘यू’सारखी मागच्या बाजूने वळलेली आहे, आणि वर व पुढे जाळी आहे.

तुमचा पहिला वाद. समोरच्यांचा बॉल तुमच्या जमिनीला न लागता थेट काचेवर आला, त्याच क्षणी पॉइंट संपला. तुमच्या जोडीदाराने नंतर तो मारला काय, झेलला काय, फरक पडत नाही. ‘खेळलात म्हणजे चालू’ असा नियम नाही. पण त्यांच्या म्हणण्याचा उगम मला कळतो. बॉल काचेकडे जात असताना, काचेला लागण्याआधी, तुमच्यापैकी कोणी तो हवेतच मारला तर मात्र खेळ चालू राहतो. ‘तो आउटच जात होता’ हे तिथे चालत नाही, कारण तो आउट गेलाच नव्हता, तुम्ही त्याला जाऊ दिलं नाहीत. बॉल नुसता अंगाला किंवा कपड्याला लागला तरी पॉइंट तुमच्या हातून जातो. सोडायचा तर पूर्ण सोडायचा, बाजूला व्हायचं.

आपल्या मैत्रीच्या खेळात पंच नसतो, त्यामुळे इथे एक व्यवहाराची गोष्ट येते. बॉल थेट काचेला लागला असं दिसलं तर तिथल्या तिथे मोठ्याने ‘आउट’ म्हणा आणि थांबा. चार फटके खेळून, पॉइंट हरल्यावर ‘अरे, तो आउट होता बे’ म्हटलं तर नियमाने बरोबर असूनही कोणी ऐकणार नाही, आणि मला विचाराल तर ऐकूही नये. तळाशी, जमीन आणि काच जिथे मिळतात तिथे बॉल पडला की आधी काय लागलं ते खरंच दिसत नाही. आम्ही अशा वेळी पॉइंट पुन्हा खेळतो. ती आमची सोय आहे, स्पर्धेत पंचाचा निर्णय चालतो.

आता तुमचा दुसरा वाद. आपल्या बाजूची काच वापरून बॉल पलीकडे घालणं पूर्णपणे कायदेशीर आहे. तुम्ही बॉल मारला, तो तुमच्या काचेला लागला, तिथून उडून नेटवरून गेला आणि समोरच्यांच्या जमिनीवर पडला, तर तो चांगला बॉल. अटी अशा की वाटेत तो तुमच्या जमिनीला, तुम्हाला किंवा तुमच्या जोडीदाराला लागता कामा नये, आणि पलीकडे गेल्यावर आधी त्यांची जमीन लागली पाहिजे. त्यांची काच आधी लागली तर तुमचा बॉल आउट. पण आपल्या बाजूची जाळी चालत नाही. मारल्यावर बॉल तुमच्या जाळीला लागला की पॉइंट गेला, पुढे तो कुठेही पडो. म्हणून सुरुवातीला ‘बहुधा’ म्हटलं. मागच्या काचेवर जोरात वर मारलेला बॉल 3 मीटरच्या वर गेला तर जाळीतच जातो, आणि काच-जाळीचा सांधा डोक्याच्या बराच वर असल्याने मारणाऱ्याला तो दिसतही नाही. आवाजावरून ओळखता येतं. काचेचा आवाज भरीव येतो, जाळी खणखणते.

बॉल तुमच्याकडे येताना मात्र जाळीची भीती नाही. समोरच्यांचा बॉल तुमच्या जमिनीवर टप्पा घेऊन जाळीला लागला तर तो चालू असतो आणि तुम्हाला मारावाच लागतो. जाळीवरून तो कसा येईल याचा नेम नसतो, कधी मरतो, कधी भलतीकडे वळतो. त्यावर उपाय नाही, जवळ जा आणि रॅकेट खाली ठेवा.

याला अपवाद सर्व्हिसचा. तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं भांडण यावरूनच होणार, म्हणून सांगून ठेवतो. सर्व्हिस समोरच्या तिरप्या चौकटीत पडून काचेला लागली तर चालते. चौकटीत पडून, दुसरा टप्पा पडण्याआधी जाळीला लागली तर फॉल्ट. चौकट नेटपासून 6.95 मीटरपर्यंत असते आणि बाजूची काच नेटपासून 6 मीटरवर सुरू होते. म्हणजे चौकटीच्या शेवटच्या जेमतेम मीटरभरालाच काचेचा शेजार आहे, बाकी सगळ्याला जाळीचा. बाजूच्या रेषेजवळ आखूड सर्व्हिस टाकाल तर ती उसळून जाळीत जाईल. खोल टाका, म्हणजे काच मिळेल. सर्व्हिस हवेतल्या हवेत परत मारता येत नाही, टप्पा पडू द्यावाच लागतो. त्यामुळे खोल पडून काचेला घासत गेलेली सर्व्हिस घेणाऱ्याला फार छळते.

आता बॉल अंगावर येण्याबद्दल. तुम्हाला खेळताना मी पाहिलेलं नाही, पण नवशिक्यांमध्ये हे इतकं ठरलेलं असतं की कारण सांगायला धजतो. बॉल डोक्यावरून मागे चालला की तुम्ही त्याच्यामागे काचेपर्यंत धावत जाता. मग तो काचेवरून सुटतो आणि तुम्ही त्याच्या वाटेतच उभे असता. हात वळवायला जागा नसते, म्हणून कोपर पोटाला चिकटवून कसातरी ढकलता. काचेवरून येणारा बॉल तुमच्याकडेच येणार आहे, त्याला गाठायला जायचं नसतं. तो जिथे येऊन पडणार तिथे आधी जाऊन त्याला पुढे निघायला वाट मोकळी ठेवायची असते.

एक लॉब सावकाश बघू. समोरच्याने उंच लॉब मारला, साधारण दोन माणसांच्या उंचीहून वर गेलेला, आणि तो तुमच्या मागच्या काचेपासून दीडेक मीटर अलीकडे पडला. पडून तो वर उसळतो आणि अजून चढतच असताना, डोक्याच्या आसपासच्या उंचीवर काचेला लागतो. काच त्याचा पुढचा वेग बराच खाते, पण चढणं एकदम थांबत नाही. म्हणून तो काचेपासून सुटून थोडा वर जातो, मग खाली यायला लागतो आणि साधारण तीन मीटर पुढे येऊन दुसरा टप्पा घेतो. काचेला लागल्यापासून दुसरा टप्पा पडेपर्यंत तुमच्याकडे सेकंदभर वेळ असतो. बॅडमिंटनमध्ये सेकंदात दोन फटके होतात, तुम्हाला हे मी काय सांगणार. घाई करायचं काहीच कारण नाही.

मग कुठे उभं राहायचं? बॉल डोक्यावरून गेला की पाठमोरे धावू नका. अंग बाजूला वळवा, खांदा नेटकडे करा आणि तिरक्या पावलांनी मागे या. काचेपासून दोनेक मीटरवर थांबा. बॉलच्या रेषेत थांबू नका, तिच्यापासून हातभर बाजूला राहा. रॅकेट आधीच मागे आणि खाली न्या. आता बॉल तुमच्या शेजारून काचेकडे जाईल, लागेल आणि परत तुमच्या शेजारून नेटकडे निघेल. तो निघाला की तुम्हीही त्याच्याबरोबर एक पाऊल नेटकडे टाका आणि तो मांडीपासून गुडघ्यापर्यंत उतरला की, अंगाच्या थोडा पुढे असताना, खालून वर मारा. जोर लावायची गरज नसते. बॉल आधीच नेटच्या दिशेने निघालेला असतो, तुम्ही त्याला फक्त उचलून द्यायचं. समोरचे दोघे नेटवर चढलेले असतील, आणि लॉबनंतर ते असतातच, तर त्यांच्या डोक्यावरून परत लॉब टाका.

प्रत्येक बॉल असाच काचेवर सोडायचा नसतो. हे तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनाच चुकीचं कळलेलं असेल, असा माझा अंदाज आहे. एकदा काचेची गोडी लागली की लोक सगळंच सोडायला लागतात. बॉल हळू असेल आणि त्याचा टप्पा काचेपासून लांब पडला असेल, तर उसळी संपून तो खाली येता येता काचेला लागतो. असा बॉल काचेपाशीच मरतो, फूटभर बाहेर येतो आणि संपतो. तो काचेच्या आधीच मारायचा. जोरात आलेला किंवा काचेजवळ खोल पडलेला बॉल सोडायचा, कारण काचेला लागेल तेव्हा तो अजून चढत असेल आणि बाहेर येईल. टप्पा कुठे पडला आणि काचेला लागताना बॉल चढत होता की उतरत होता, या दोनच गोष्टी बघायची सवय लावा. पहिले काही आठवडे चुकेल. चुकल्यावर जोडीदाराला विचारा, लागताना चढत होता की उतरत होता. बाहेरून उभ्या माणसाला ते जास्त स्पष्ट दिसतं.

हे हवामानावरही थोडं अवलंबून आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सहालाही कोर्ट तापलेलं असतं, बॉल जास्त उसळतो आणि काचेवरून लांब येतो, तेव्हा अर्धं पाऊल आणखी पुढे थांबा. डिसेंबरच्या सकाळी तोच बॉल आळशी होतो. पाऊस पडून गेल्यावर काच ओली असेल तर बॉल तिला पकडत नाही, घसरून खाली येतो. अशा दिवशी मी काचेवर कमीत कमी सोडतो. पायही घसरतात ते वेगळंच.

कोपऱ्यातल्या दोन काचांबद्दल थोडक्यात. बॉल बाजूच्या काचेला लागून मागच्या काचेला लागला, किंवा उलट, तर तो ज्या दिशेने आला साधारण त्याच दिशेने परत जातो. कॅरम खेळला असाल तर कोपऱ्यात दोन कडांना लागलेली सोंगटी आठवा. त्यामुळे कोपऱ्यात शिरायचं नाही. मधल्या बाजूला सरका आणि तो उघडून येऊ द्या. नवशिके कोपऱ्यात घुसतात आणि बॉल त्यांच्या पोटरीवर येतो. बॉल अंगाला लागला की पॉइंट गेला.

सराव रॅकेटशिवाय सुरू करा, गंमत नाही करत. काचेपासून चारेक मीटरवर उभे राहा. मित्राला नेटच्या बाजूने हाताने बॉल फेकायला सांगा, असा की तो तुमच्या मागे टप्पा घेऊन काचेला लागेल. तुम्ही वळा, मागे या आणि काचेवरून आलेला बॉल दुसऱ्या टप्प्याआधी एका हाताने, कमरेखाली, अंगाच्या पुढे झेला. छातीशी झेलावा लागला किंवा मागे झुकावं लागलं, तर तुम्ही काचेच्या फार जवळ होता. वाकून पुढे झेपावलात तर फार लांब होता. वीस फेकींपैकी पंधरा-सोळा नीट झेलता आल्या की मगच रॅकेट हातात घ्या. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्या दिवशी यावर हसतात.

राहिला तुमच्याच काचेवर मारायचा फटका. तो कधी मारायचा? बॉल तुम्हाला ओलांडून काचेपाशी उतरतोय, तुमचं तोंड काचेकडे आहे आणि नेटकडे वळून मारायला वेळ नाही, अशा वेळी. रॅकेटचं तोंड वर उघडं ठेवा आणि बॉलच्या खालून घालून त्याला काचेवर तिरका वर ढकला, साधारण छाती ते डोक्याच्या उंचीवर. सपाट मारलात तर तो काचेवरून खाली येऊन तुमच्याच जमिनीवर पडेल, आणि तिथे पॉइंट संपला. फार वर मारलात तर वरच्या जाळीत. मध्ये जी खिडकी उरते ती अरुंद आहे. काच वेग खात असल्याने जोरही जास्त लागतो, कारण नेट तुमच्यापासून आठ-नऊ मीटरवर असतं. जमला तरी बॉल उंच आणि हळू जातो, आणि समोरचा नेटवर उभा असेल तर तो आनंदाने स्मॅश मारतो. माझ्याकडच्या शिकणाऱ्यांपैकी कोणी वळायला वेळ असताना हा फटका मारला तर मी पॉइंट थांबवतो आणि तोच बॉल पुन्हा फेकतो, वळून मारायला. तुमचा परवाचा फटका अडचणीत सापडून मारलेला होता की हौसेने, ते तुम्हीच सांगा.